एक्सेलमधली तासांची बेरीज २४ च्या पुढे गेली की गडबडते: ४१:१५ चे १७:१५ का होतात

आमच्या विभागाच्या कामाच्या तासांची शीट माझ्याकडे असते. एका शनिवारी सहकारी लॅपटॉप घेऊनच माझ्या टेबलाशी आली. "पाचही दिवस पूर्ण भरले मी, आणि ही शीट म्हणते सतरा तास पंधरा मिनिटं. बाकीचे तास गेले कुठे?" त्याच्या आधीच्या आठवड्यात तिची बेरीज अगदी बरोबर आली होती. शीट तीच, फॉर्म्युला तोच. फरक एवढाच की त्या आठवड्यात ती रजेवर होती आणि दोनच दिवस आली होती.

दुखणं ओळखायची खूण याच फरकात आहे. बेरीज २४ तासांच्या आत असते तोवर सगळं सुरळीत चालतं, म्हणून शीट बनवताना कुणाला शंका येत नाही. पहिला भरगच्च आठवडा आला की आकडा एकदम कोसळतो. मग लोक फॉर्म्युला पुसून परत लिहितात, SUM ऐवजी एकेक सेल अधिक चिन्हाने जोडून पाहतात, फाइल बंद करून उघडतात. उत्तर दर वेळी तेच येतं, कारण बेरीज चुकलेलीच नसते.

तिच्या शीटमधले आकडे असे होते:

```
B2   8:30
B3   7:45
B4   9:10
B5   8:20
B6   7:30
B7   =SUM(B2:B6)
```

हाताने बेरीज केली तर ४१ तास १५ मिनिटं होतात. B7 मध्ये मात्र १७:१५ दिसत होतं. दोन्हींतला फरक नेमका २४ तासांचा. मी तिला बाजूच्या कॉलममध्ये रोजची चढती बेरीज मांडून दाखवली. सोमवारी ८:३०, मंगळवारी १६:१५, आणि बुधवारी २५:२५ यायच्या जागी १:२५. बुधवारी नऊ तास दहा मिनिटं काम वाढलं आणि बेरीज जवळजवळ पंधरा तासांनी उतरली. असा एकदम खाली आलेला आकडा दिसला की दुसरीकडे शोधत बसू नका.

यामागचं कारण एक्सेल वेळ कशी साठवतं त्यात आहे. एक्सेलच्या लेखी वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. पूर्ण दिवस म्हणजे १, बारा तास म्हणजे ०.५, सहा तास म्हणजे ०.२५. आपण ८:३० टाइप केलं की आत ०.३५४१६६… असा आकडा जातो आणि वरून त्याला h:mm हा फॉरमॅट चढतो. पाच दिवसांची खरी बेरीज आत १.७१८७५ अशी बसलेली असते. एक पूर्ण दिवस, आणि वर ०.७१८७५ दिवस म्हणजे १७ तास १५ मिनिटं.

h:mm हा भिंतीवरच्या घड्याळाचा फॉरमॅट आहे. "आता किती वाजले" एवढंच तो सांगतो. घड्याळाला काटा कितव्यांदा फिरतोय याच्याशी देणंघेणं नसतं, तसंच यालाही पूर्ण दिवसांशी नसतं. दशांश चिन्हाच्या उजवीकडचं तो वाचतो आणि डावीकडचा १ दाखवतच नाही. B7 ला हा फॉरमॅट आपण दिलेला नसतो. SUM लिहिलं की एक्सेल ज्या सेलची बेरीज आहे त्यांचाच फॉरमॅट बेरजेच्या सेलला लावून मोकळं होतं. रोजच्या नोंदींना h:mm चालून जातो, बेरजेला चालत नाही. एवढाच काय तो घोळ.

दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची आहे, पण त्याआधी आत खरंच काय आहे ते बघून घ्या. बेरजेचा सेल निवडा आणि Ctrl+Shift+~ दाबा. सेलला General फॉरमॅट लागतो आणि वरचा पडदा बाजूला होतो. १.७१८७५ दिसलं तर बेरीज ठीक आहे, फक्त दाखवण्यात चूक आहे. ०.७१८७५ किंवा भलताच आकडा दिसला तर दुखणं नोंदींत आहे आणि फॉरमॅट बदलून काही होणार नाही. त्याकडे पुढे येतो. बघून झालं की Ctrl+Z.

आता दुरुस्ती. सेल निवडून Ctrl+1 दाबा, Format Cells ची चौकट उघडेल. Number या टॅबवर डावीकडच्या यादीत सर्वांत खाली Custom आहे, ते निवडा. Type च्या रकान्यात आहे ते पुसून हे लिहा आणि OK करा:

```
[h]:mm
```

१७:१५ चं ४१:१५ होईल. चौकोनी कंसाचा अर्थ असा की तास २४ ला गुंडाळू नको, साचतील तेवढे सगळे दाखव. सेकंदही हवे असतील तर [h]:mm:ss लिहा. तास नकोत, एकूण मिनिटंच हवीत तर [m], म्हणजे इथे २४७५ दिसेल. कंस चौकोनीच हवा आणि तो पहिल्या घटकालाच लागतो. आमच्याकडे एकाने h:[mm] करून पाहिलं होतं, त्याने काहीच साधत नाही.

गूगल शीट्समध्ये Format मेनूतून Number आणि मग Duration निवडलं की ४१:१५:०० असं सेकंदांसह दिसतं. सेकंद नको असतील तर तिथेच Custom number format मध्ये हाच [h]:mm चालतो. लिबरऑफिस कॅल्कमध्येही Ctrl+1 नेच चौकट उघडते आणि तिथल्या Format code मध्ये [HH]:MM लिहायचं. कारण तिन्हीकडे एकच, म्हणून उपायही एकच.

काही जण दिवस वेगळे दिसावेत म्हणून d:hh:mm असा फॉरमॅट देतात. वरवर तो शहाणपणाचा वाटतो, १:१७:१५ असं छान दिसतंही. पण त्यातला d म्हणजे "किती दिवस झाले" नव्हे, ती महिन्यातली तारीख आहे. आतला आकडा ३१ पर्यंत असेल तोवर दोन्ही जुळतात. ३२ झाला की एक्सेलच्या हिशेबाने १ फेब्रुवारी उजाडतो आणि d परत १ दाखवतो. म्हणजे २४ तासांनी येणारी चूक आता ३१ दिवसांनी येईल, आणि तोवर शीट कुणी बनवली हेही कुणाला आठवणार नाही. दिवस हवेच असतील तर ते वेगळ्या सेलमध्ये =INT(B7) ने काढा.

आता ज्यांना General मध्ये भलताच आकडा दिसला, किंवा [h]:mm दिल्यावर बेरीज आणखी विचित्र झाली, त्यांच्यासाठी. दुसरा प्रकार घडला की लोक घाबरून फॉरमॅट परत h:mm करतात. तसं करू नका. नव्या फॉरमॅटने काही बिघडवलेलं नसतं, जुना फॉरमॅट जे झाकत होता ते आता दिसू लागलेलं असतं.

मला सर्वांत जास्त वेळा भेटलेला प्रकार म्हणजे विसर्गचिन्हाऐवजी टिंब. घाईत ८:३० च्या जागी ८.३० टाइप होतं. एक्सेल त्याला ८.३ ही संख्या समजतं, म्हणजे आठ पूर्ण दिवस आणि वर ०.३ दिवस. h:mm त्या सेलमध्ये ७:१२ दाखवतो, कारण ०.३ दिवस म्हणजे ७ तास १२ मिनिटं. साडेआठचे जवळजवळ सव्वासात झाले हे पन्नास ओळींच्या शीटमध्ये कोण पाहणार? तोच सेल [h]:mm मध्ये १९९:१२ असं ओरडून सांगतो. म्हणून फक्त बेरजेला नव्हे, रोजच्या कालावधीच्या संपूर्ण कॉलमलाच [h]:mm द्या असं माझं मत आहे. ८:३० त्यातही ८:३० च दिसतं, आणि अशी घुसखोरी लगेच डोळ्यात भरते. शिवाय खाली कुणी नवा SUM लिहिला तर त्यालाही हाच फॉरमॅट मिळतो, म्हणजे दर महिन्याला नवी शीट केली की तेच दुखणं परत येण्याची कटकट संपते.

दुसरा प्रकार तारखेचा. एखादी नोंद दुसऱ्या प्रणालीतून चिकटवली की वेळेला चिकटून तारीखही येते. सेलमध्ये ८:३० च दिसतं, आत मात्र १ जानेवारी २०२४ चे साडेआठ वाजलेले असतात, आणि एक्सेलमध्ये त्या तारखेचा क्रमांक आहे ४५२९२. h:mm हे सगळे दिवस गिळतो. आपल्या उदाहरणात सोमवारची नोंद अशी असती तर [h]:mm ने बेरीज दाखवली असती १०८७०४९:१५. दहा लाखांच्या घरातले तास दिसले की कुठल्यातरी ओळीत तारीख लपली आहे असं समजा. त्या सेलवर क्लिक केलं की वरच्या फॉर्म्युला बारमध्ये तारीख दिसतेच.

इथे एक अपवाद सांगून ठेवतो. आपण हाताने ४१:१५ टाइप केलं तरी फॉर्म्युला बारमध्ये १ जानेवारी १९०० आणि संध्याकाळचे सव्वापाच असं काहीतरी येतं. ती चूक नाही. २४ तासांपुढची वेळ एक्सेल तिथे त्याच भाषेत लिहितं, आणि १ या आकड्याचा त्याच्याकडचा अर्थ १ जानेवारी १९०० असा आहे. २४ तासांपुढची वेळ आपणच टाइप केली असेल आणि १९०० दिसलं तर सोडून द्या, अलीकडचं वर्ष दिसलं तर दुरुस्त करा.

तिसरा प्रकार मजकुराचा. वेळ दिसते वेळेसारखी, पण एक्सेलला ती नुसती अक्षरं वाटतात. SUM अशा सेलकडे ढुंकूनही पाहत नाही, त्यामुळे बेरीज कमी येते, आणि सगळेच सेल तसे असतील तर ०:०० येते. शंका असेल तर मोकळ्या सेलमध्ये हे लिहा:

```
=COUNT(B2:B6)
```

COUNT फक्त खऱ्या संख्या मोजतं. पाच नोंदींना ५ आले तर ठीक. ३ आले तर दोन सेल मजकूर आहेत. गंमत म्हणजे =B2+B3+B4+B5+B6 असं लिहिलं तर अधिक चिन्ह त्या मजकुराची वेळ करून घेतं आणि बेरीज बरोबर येते. SUM एक सांगतं आणि अधिक चिन्ह दुसरंच, तेव्हा मजकूर आहे हे नक्की. कॉलम निवडून Data मधलं Text to Columns उघडा आणि काही न बदलता Finish दाबा, बहुतेक वेळा तेवढ्याने सेल शुद्धीवर येतात.

०:०० वरून आठवलं. बेरीज बरोबर २४ तास, ४८ तास अशी पूर्ण दिवसांची झाली तरी h:mm मध्ये ०:०० च दिसतं. म्हणून ०:०० पाहून लगेच मजकुराच्या मागे लागू नका. General करून बघा. १ किंवा २ असेल तर फॉरमॅटचं काम, खरोखर ० असेल तर मजकुराचं.

फॉरमॅट बदलला आणि सेलमध्ये ४१:१५ दिसू लागलं, तरी ती चूक शीटमध्ये आणखी दोन-तीन ठिकाणी दबा धरून असू शकते. आमच्या शीटमध्ये वर एक वाक्य होतं, "या आठवड्याचे एकूण तास" आणि पुढे आकडा. खाली ४१:१५ आणि वरच्या वाक्यात अजून १७:१५. सहकारी म्हणाली, "आता दोन्हींपैकी खरं कुठलं?" कारण वाक्य TEXT ने बनवलेलं होतं, आणि TEXT सेलचा फॉरमॅट वापरत नाही, आपण अवतरणात दिलेला वापरतं. तिथेही कंस द्यावा लागतो:

```
="एकूण तास "&TEXT(B7,"[h]:mm")
```

HOUR हे फंक्शन तर फॉरमॅटला जुमानतच नाही. =HOUR(B7) नेहमी १७ च देणार, कारण त्याचं कामच घड्याळातला तास सांगणं आहे. पूर्ण तास वेगळे हवे असतील तर मी असं काढतो:

```
=INT(ROUND(B7*1440,0)/60)
```

१४४० म्हणजे दिवसाची मिनिटं. नुसतं =INT(B7*24) बहुतेकदा चालतं, पण वेळेचे अपूर्णांक आत पूर्ण अचूक साठत नाहीत. बेरीज नेमकी ४० तास असावी आणि आत ३९.९९९९… निघावी असं होऊ शकतं, आणि INT ते सरळ ३९ करून टाकतं. आधी मिनिटांवर पूर्णांक केला की ही भानगड राहत नाही.

मोबदल्याच्या हिशेबात हाच मुद्दा खिशाला लागतो. तासाचा दर १०० धरा. ४१ तास १५ मिनिटांचे ४१२५ व्हायला हवेत. पण =B7*100 लिहिलं तर १७१.८७५ येतात, कारण आपण दर तासांना नव्हे, दिवसांना लावला. त्या सेलला आधीपासून h:mm असेल तर त्यात चक्क २१:०० दिसेल, आणि मग हा आकडा आला कुठून याचा पत्ताच लागत नाही. २४ ने गुणायला विसरू नका, आणि सेलचा फॉरमॅट Number ठेवा:

```
=B7*24*100
```

रात्रपाळी असेल तर बेरजेच्या आधीच एक पायरी अडते. रात्री २२:०० ला सुरू आणि सकाळी ६:३० ला संपलं, तर शेवटातून सुरुवात वजा केल्यावर उणे वेळ येते आणि एक्सेल सेलभर ##### मांडतं. सुरुवात C2 मध्ये आणि शेवट D2 मध्ये असेल तर:

```
=MOD(D2-C2,1)
```

यातून ८:३० मिळतात. फक्त हा MOD एकेका पाळीवरच वापरा, बेरजेवर कधीही नको. बेरजेवर लावला तर h:mm आतापर्यंत फक्त लपवत होता तो पूर्ण दिवस खरोखरच कापला जाईल, आणि मग कुठलाही फॉरमॅट तो परत आणू शकणार नाही.

पिव्होट टेबल वापरत असाल तर तिथल्या बेरजेला फॉरमॅट वेगळा द्यावा लागतो. मूळ कॉलमला दिलेला [h]:mm तिथे येईलच याचा भरवसा नाही. पिव्होटमधल्या आकड्यावर उजवं क्लिक, Value Field Settings, त्यात खाली Number Format, आणि तिथे Custom. Ctrl+1 ने नुसता सेल रंगवलात तर टेबल ताजं केल्यावर तो फॉरमॅट उडू शकतो. या मार्गाने दिला की टिकतो.

आणि फाइल सीएसव्ही करून पुढे पाठवायची असेल तर सांभाळा. एक्सेल सीएसव्हीमध्ये सेलच्या आतला आकडा लिहीत नाही, पडद्यावर दिसतं ते लिहितं. B7 h:mm मध्ये असताना सेव्ह केलं तर फाइलमध्ये १७:१५ ही अक्षरं जातात आणि तो १ कायमचा गळतो. समोरच्याने काहीही केलं तरी त्याला ४१:१५ मिळणार नाहीत. [h]:mm असताना सेव्ह केलं तर ४१:१५ जातं, आणि ती फाइल परत उघडली की एक्सेल ते ४१:१५:०० असं नीट वाचतं. पाठवण्याआधी ती फाइल एक्सेलमध्ये नव्हे, नोटपॅडमध्ये उघडून शेवटची ओळ बघा. माझ्या सहकारीची आधीच्या महिन्याची फाइल अशीच पुढे गेली होती, आणि तिचे तास पुन्हा मूळ शीटमधून काढून द्यावे लागले.